व्याख्यानातल्या व्याख्या

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आहे आणि तालुक्याच्या बाजार समितीच्या सभागृहात ‘यंदाचा पाऊस’ या विषयावर व्याख्यान ठेवलंय, असं समजू. समोर दीडशे माणसं. बरेचसे शेतकरी, बी-बियाण्यांचे दोन-चार दुकानदार, हायस्कूलचे भूगोलाचे मास्तर, कृषी सहायक. वक्ता हवामानशास्त्रातला जाणकार आहे, वेळ चाळीस मिनिटांची आहे. नाव-गाव सांगून झाल्यावर दुसरीच स्लाइड पडद्यावर येते: ‘महत्त्वाच्या संज्ञा’. दीर्घकालीन सरासरी, एल निनो, ला निना, इंडियन ओशन डायपोल, मॅडेन-ज्युलियन ऑसिलेशन, बहिर्गामी दीर्घलहरी प्रारण, कमी दाबाचं क्षेत्र, मान्सून आस, पावसातला खंड, संभाव्यता, उपविभाग. अकरा शब्द आणि प्रत्येकापुढे एक ओळ. वक्ता दोन मिनिटांत त्या वाचून काढतो आणि म्हणतो, “आता आपण मूळ विषयाकडे वळू.”

या क्षणी सभागृहात काय होतं ते पाहण्यासारखं असतं. दहा-पंधरा हात वर जातात आणि मोबाइलवर स्लाइडचा फोटो निघतो. वक्त्याला वाटतं, लोकांनी मनावर घेतलं. फोटो काढणाऱ्याने मात्र एवढंच ठरवलेलं असतं की हे आत्ता काही डोक्यात शिरत नाही, घरी बघू. पुढे विसाव्या मिनिटाला वक्ता “यंदा डायपोल धन असण्याची चिन्हं आहेत” असं म्हणतो, तेव्हा फोटो खिशात असतो आणि माणूस शेजाऱ्याला विचारतो, “डायपोल काय म्हणाले होते?” त्याच्या उत्तरापायी दोघांचीही पुढची दोन वाक्यं जातात.

अशी स्लाइड करणारे वक्ते आळशी नसतात, उलट काळजीवाहू असतात. श्रोत्यांना शब्द अडतील हे त्यांना कळलेलं असतं. फक्त उपाय त्यांनी पुस्तकातून उचललेला असतो. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ती वाचणाऱ्याच्या हातात पान उलटायची सोय असते म्हणून. अडलं की मागे जायचं, पाहायचं, परत यायचं. व्याख्यानात पान उलटायचा हक्क एकट्या वक्त्याकडे असतो. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ साली जुन्या-नव्या प्रयोगांचा आढावा घेऊन मांडलं की माणूस एका वेळी नव्या अशा साधारण चारच गोष्टी मनात धरून ठेवू शकतो. त्याआधी १९५६ पासून जॉर्ज मिलर यांचा सातचा आकडा सगळ्यांच्या तोंडी होता. चार धरा की सात, अकरा काही त्यात बसत नाहीत. शिवाय आपल्याकडच्या सभागृहातली एक गोष्ट कुठल्या प्रयोगात सापडायची नाही: पहिल्या दहा मिनिटांत निम्मी माणसं अजून यायचीच असतात. दुसरी स्लाइड त्यांनी पाहिलेलीच नसते.

तरी मुख्य अडचण स्मरणशक्तीची नाही. व्याख्या म्हणजे उत्तर असतं आणि यादीत ते प्रश्नाच्या आधी येतं. प्रश्न पडलेला नसताना मिळालेलं उत्तर ठेवायला डोक्यात जागा नसते. याच व्याख्यानातला डायपोल घेऊन हे नीट पाहता येईल.

यादीतली व्याख्या अशी: ‘हिंदी महासागराच्या पश्चिम व पूर्व भागांतील पृष्ठीय तापमानातील फरकाची स्थिती’. चूक काही नाही, पण ऐकणाऱ्याने तिचं करायचं काय? आता हीच गोष्ट यादी काढून टाकून कशी येते ते पाहा. वक्ता आधी एल निनो सांगतो. पॅसिफिक महासागरात विषुववृत्तालगत मध्यावर आणि पूर्वेला, म्हणजे पेरू देशाच्या बाजूला, समुद्राचं पाणी काही वर्षांनी एकदा नेहमीपेक्षा जास्त तापतं. एरवी तिथले वारे तापलेलं पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडे ढकलत असतात. ते वारे मंदावले की गरम पाणी पूर्वेकडे पसरतं, आणि जिथे गरम पाणी तिथे हवा वर चढते, ढग बांधले जातात. हवा एकीकडे वर चढली की दुसरीकडे तिला खाली बसावंच लागतं. ती बसते आपल्या बाजूला, आणि खाली बसणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. या पाणी तापण्याला म्हणतात एल निनो. श्रोत्यांनी ही साखळी पकडली की वक्ता म्हणतो, “१९९७ साली एल निनो फार मोठा होता. म्हणजे दुष्काळ पडायला हवा होता. त्या वर्षी देशात पाऊस झाला सरासरीच्या १०२ टक्के.” आणि थांबतो.

आता सभागृहात प्रश्न तयार झाला. मागच्या रांगेतला माणूसही विचारतो, मग त्या वर्षी झालं काय? इथे डायपोल आणायचा. आपल्या हिंदी महासागरातही असाच एक झोपाळा आहे. त्या वर्षी आफ्रिकेकडची बाजू तापलेली होती आणि सुमात्राकडची थंड पडली होती. ही स्थिती आपल्या पावसाला सहसा मदतीची ठरते आणि एल निनोचा मार तिने हलका केला, असं मानलं जातं. तिचं नाव इंडियन ओशन डायपोल. पश्चिमेची बाजू गरम असली की धन, पूर्वेची गरम असली की ऋण. नाव सगळ्यात शेवटी आलं आणि ते टांगायला खुंटी आधीच ठोकलेली होती. वक्ता हुशार असेल तर आणखी एक वाक्य घालेल: हे नाव १९९७ मध्ये कुणाकडेच नव्हतं, साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी १९९९ साली ‘नेचर’मध्ये ही स्थिती मांडली, आणि त्यातले गोस्वामी पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले. शास्त्रज्ञांनाही आधी कोडं पडलं आणि मग नाव मिळालं. श्रोत्यांना त्याच क्रमाने न्यायला काय हरकत आहे?

(२०२३ चं उदाहरण मात्र लगोलग द्यायला हवं. तेव्हाही एल निनो होता, डायपोलही धन झाला, तरी देशाचा पाऊस ९४ टक्क्यांवरच राहिला, आणि तो ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. नाहीतर डायपोल म्हणजे हमखास तारणहार, असं समजून लोक घरी जातात.)

यावरून बोलताना व्याख्या करायची एक रीत हाती लागते. आधी वस्तू सांगायची, मग तिचं नाव. आपण बहुतेक उलट करतो: “एल निनो म्हणजे…” अशी सुरुवात करतो आणि ऐकणारा ते अनोळखी नाव कसंबसं धरून उरलेलं वाक्य ऐकतो. वर्णन आधी आलं की नावाचं ओझं होत नाही. नाव उच्चारलं जाईल त्याच क्षणी ते पडद्यावर ठळक अक्षरांत दिसावं, आधी नको आणि नंतरही नको. एका वाक्यात एकच नवं नाव असावं. आणि सात-आठ मिनिटांनी तोच शब्द परत आला की दोन शब्दांची शेपटी जोडावी: “डायपोल, आपल्या समुद्रातला झोपाळा.” माहीत असलेल्याला ती खटकत नाही आणि विसरलेल्याला पुरते.

आता ‘दीर्घकालीन सरासरी’ घेऊ, कारण यादीचा खरा धोका तिथे दिसतो. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभरात सरासरी ८७ सेंटीमीटर पाऊस झाला. हवामान खातं त्याच्याशी तुलना करून हंगामाचा अंदाज सांगतं. ९६ ते १०४ टक्क्यांच्या दरम्यान पाऊस असला तर तो ‘सरासरीइतका’. म्हणजे ढोबळमानाने साडेत्र्याऐंशी ते साडेनव्वद सेंटीमीटर. पट्टा अगदी अरुंद आहे. यादीत ‘सरासरीइतका: ९६ ते १०४ टक्के’ अशी ओळ घातली की काम झालं, असं वाटतं.

पण पुढे व्याख्यानात जिल्ह्यांचा नकाशा येतो आणि तिथे हाच शब्द वेगळ्या मापाने वापरलेला असतो. जिल्ह्याचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांनी कमी किंवा १९ टक्क्यांनी जास्त असला तरी नकाशावर तो सरासरीइतकाच धरतात आणि हिरवा रंगवतात. समजा, एका जिल्ह्याची चार महिन्यांची सरासरी ५०० मिलीमीटर आहे आणि पडला ४१० मिलीमीटर. म्हणजे १८ टक्के कमी. जिल्हा हिरवा. हाच ८२ टक्क्यांचा आकडा सगळ्या देशाचा असता तर तो मोठा दुष्काळ ठरला असता. २००२ साली देशात ८१ टक्के पाऊस झाला होता आणि ते साल अजून लोकांच्या लक्षात आहे. दोन मापं असण्यात लबाडी नाही. क्षेत्र जितकं लहान तितका पाऊस वर्षागणिक जास्त वर-खाली होतो, म्हणून जिल्ह्याला सूट जास्त. देशाच्या बेरजेत एकीकडची तूट दुसरीकडच्या वाढीने बरीचशी भरून निघते, म्हणून तिथला पट्टा अरुंद.

सुरुवातीच्या यादीत यातली एकच व्याख्या येणार, किंवा दोन्ही आल्या तर नकाशा न पाहता त्या कुणाला कळणार नाहीत. मग हिरवा जिल्हा पाहून शेतकरी म्हणतो, आमच्याकडे विहिरी आटल्या आणि हे म्हणतात पाऊस सरासरीइतका. आणि वक्त्यावरचा त्याचा विश्वास तिथेच उडतो. जागेवर केलेली व्याख्या इथे सहज निभावते. अंदाजाच्या स्लाइडवर पहिलं माप सांगायचं, नकाशा आला की बोट ठेवून सांगायचं, “इथे हाच शब्द सैल अर्थाने वापरलाय, किती सैल ते बघा,” आणि ५०० आणि ४१० चं गणित तिथेच करून दाखवायचं.

इथवर वाचून वाटेल की आधी सांगणं हे सगळंच चूक. तसं नाही, आणि याविरुद्धचा पुरावा चांगला भक्कम आहे. शिक्षणाच्या मानसशास्त्रातले रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना गाडीचा ब्रेक कसा लागतो ते बोलत्या चलच्चित्रातून समजावायचं होतं. काहींना त्याआधी ब्रेकच्या सुट्या भागांची ओळख करून दिली, काहींना थेट चलच्चित्र दाखवलं. आधी ओळख झालेल्यांना नंतर नव्या अडचणी सोडवायला दिल्या तेव्हा त्यांनी सरस उत्तरं दिली. मग शब्दसूचीची स्लाइड बरोबरच म्हणायची का?

ओळख कशी करून दिली होती ते पाहिलं की उत्तर मिळतं. तिथे शब्दांची यादी नव्हती. चित्र होतं, आणि एकेक भाग दाखवून त्याचं नाव व तो कुठल्या कुठल्या स्थितीत असू शकतो ते सांगितलं होतं: हा दट्ट्या पुढे जातो किंवा मागे येतो. भाग मोजके होते, डोळ्यांसमोर होते, आणि पुढच्या चलच्चित्रात तेच भाग त्याच जागी हलणार होते. या अर्थाने आपल्या व्याख्यानातही आधी ओळख करून देता येते. दोन महासागरांचा एक साधा नकाशा घ्यावा, त्यावर पेरूची बाजू, इंडोनेशिया, आफ्रिकेची बाजू आणि आपण एवढ्या चार जागा दाखवाव्यात. इथलं पाणी तापू शकतं किंवा थंड पडू शकतं, इतकंच सांगावं; एल निनो, डायपोल ही नावं अजून काढायची नाहीत. हाच नकाशा पुढच्या प्रत्येक संबंधित स्लाइडवर त्याच जागी यावा, फक्त त्यातला रंग बदलावा. शब्दांची स्लाइड एकदा दिसून जाते, हा नकाशा मुक्कामाला राहतो.

आता उरलेल्या यादीचं काय करायचं? पेन्सिल घेऊन व्याख्यानाचा मसुदा वाचावा आणि कुठला शब्द किती वेळा येतो ते टिपावं. ‘बहिर्गामी दीर्घलहरी प्रारण’ एकदाच येतं: केरळात मान्सून पोहोचल्याचं जाहीर करताना पाऊस आणि वारे यांच्या जोडीला हेही पाहतात, त्या ओघात. एकदाच येणाऱ्या शब्दाची व्याख्या करण्यात अर्थ नाही, शब्दच काढावा. “उपग्रहावरून पाहिलं तर ढग पुरेसे दाट आणि उंच दिसायला हवेत,” एवढं म्हटलं की पुरे. मॅडेन-ज्युलियन ऑसिलेशन दोनदा येतं. विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकत जाणारा, महिना-दोन महिन्यांत पृथ्वीला फेरा घालणारा ढगाळ पट्टा, असं सांगून पुढे त्याला ‘सरकता पट्टा’च म्हणावं. भूगोलाच्या मास्तरांना नाव हवं असेल तर ते प्रश्नोत्तरांत विचारतील. ला निना हे एल निनोच्या उलटं, तिथेच जाता जाता. ‘उपविभाग’ हा आपला विदर्भ, मराठवाडा, मध्य महाराष्ट्र, कोकण-गोवा. चार नावं घेतली की झाली व्याख्या. असं करत गेलं की अकरातले जेमतेम पाच शब्द सांगण्याजोगे उरतात. यादी करायला बसलेला वक्ता हा हिशेब कधी करत नाही, कारण यादीत एक शब्द वाढवायला काही खर्च येत नाही.

एका जागी मात्र यादीच हवी, आणि तीही छापील. रोजच्या हवामान वार्तापत्रातली भाषा घ्या: ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’. ऐकणारा ‘तुरळक’ हा शब्द पावसाला लावतो आणि थोडाफार पडेल असं समजतो. खरं तर तो शब्द जागांचा आहे. त्या भागातल्या पर्जन्यमापकांपैकी जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्यावर पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. चाळीस केंद्रं असतील तर फार तर दहा ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, मग त्याच्या वर पाऊण हिश्श्यापर्यंतची पायरी, आणि त्याहून जास्त झालं की जवळपास सगळीकडे. पाऊस किती पडेल ते दुसरा शब्द सांगतो: चोवीस तासांत ६४.५ मिलीमीटर ओलांडले की मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, आणि २०४.४ च्या वर गेला की त्याहूनही वरची पायरी. म्हणजे ‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ याचा अर्थ थोड्याच गावांत पडेल, पण जिथे पडेल तिथे नाला फुटेल.

या पायऱ्या एकेक करून सांगता येत नाहीत. ‘काही’ला अर्थ येतो तो ‘तुरळक’च्या शेजारी ठेवल्यावरच. त्यामुळे त्या एकत्र, एका तक्त्यात दाखवाव्यात. पण दुसऱ्या स्लाइडवर नव्हे, तर वार्तापत्र कसं वाचायचं हा भाग येईल तेव्हा, खरं एखादं वार्तापत्र पडद्यावर ठेवून. आणि तोच तक्ता कागदावर छापून वाटावा, कारण त्याची गरज व्याख्यानात नसून जुलैतल्या एखाद्या सकाळी, फवारणी करायची की थांबायचं हे ठरवताना लागणार आहे.

शब्दसूचीला आणखी दोन ठिकाणी मान आहे. व्याख्यानाचं दुसऱ्या भाषेत किंवा खुणांच्या भाषेत लगेच रूपांतर होणार असेल तर त्या माणसाला पूर्ण सूची दोन दिवस आधी पोचायलाच हवी. तिथे अकरा काय, तीस शब्द असले तरी चालतील. दुसरी जागा म्हणजे आभाराच्या स्लाइडच्या मागे, न दाखवता ठेवलेली. प्रश्नोत्तरांत कुणी एखाद्या शब्दापाशी अडलं तर ती काढता येते. त्या वेळी विचारले जाणारे प्रश्न वक्त्याने टिपून ठेवावेत. निम्मे प्रश्न ‘म्हणजे काय’ या जातीचे निघाले, तर व्याख्या जागेवर पडल्या नाहीत. ‘आमच्याकडे मग काय करायचं’ या जातीचे निघाले, तर पडल्या.

जागेवर व्याख्या करण्यालाही मर्यादा आहे. पाचांतला एक शब्द त्या रीतीलाही दाद देत नाही: संभाव्यता. ‘सरासरीपेक्षा जास्त पावसाची शक्यता ६० टक्के’ हे वाक्य ऐकून कुणाला वाटतं ६० टक्के पाऊस पडेल, कुणाला वाटतं ६० टक्के भागात पडेल. दहा सेकंदांची व्याख्या इथे पुरत नाही, आणि अशा शब्दाला जागच्या जागी उरकायला गेलं की वक्ता वाक्याच्या मध्येच अडकतो, मूळ मुद्दा बाजूला पडतो. ज्या शब्दाला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागतो तो शब्द म्हणून धरू नये, व्याख्यानाचा भाग म्हणून धरावा आणि त्याची जागा अंदाज सांगण्याच्या आधी ठेवावी. पडद्यावर दहा चौकोन काढावेत, सहा निळे आणि चार पांढरे. सांगावं की असा अंदाज दहा वर्षं दिला तर साधारण सहा वर्षं पाऊस जास्त होईल आणि चार वर्षं होणार नाही, आणि त्या चार वर्षांत अंदाज चुकला असं म्हणता येणार नाही. मग विचारावं, “चार पांढऱ्यांतलं वर्ष निघालं तर तुमच्या हाती काय राहील?” बियाणं किती उधारीवर उचलायचं, विहिरीच्या भरवशावर किती क्षेत्र ठेवायचं, यावर सभागृह आपसांत बोलायला लागतं. याला पाच मिनिटं लागतात. अकरा शब्दांची स्लाइड आणि दोन वेळा मागे वळून दिलेले खुलासे काढून टाकले की त्यांतली बरीचशी मोकळी होतात.